माफीच्या पत्रात तारीख हवी, ‘लवकरात लवकर’ नको

प्रश्न

ताई, नमस्कार. महालात काकांची छोटी ऑफसेट प्रेस आहे. ऑर्डर घेणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं मी बघते. हिंगणा एमआयडीसीतल्या एका संत्रा बर्फीवाल्यांचे 10,000 बॉक्स शुक्रवारी, 16 जानेवारीला द्यायचे होते. रजिस्टरमध्ये बॉक्सच्या पुठ्ठ्याचा बोर्ड शिल्लक दिसत होता म्हणून मी नवा मागवलाच नाही. 10 तारखेला छपाईला बसलो तेव्हा कळलं की गोदामात तो नाही. नागपुरात त्या जाडीचा मिळाला नाही, मुंबईहून मागवला. 21 तारखेला, बुधवारी पोहोचेल असं ट्रान्सपोर्टवाले म्हणतात. गिऱ्हाइकाला आम्ही काहीच कळवलं नव्हतं, शनिवारी त्यांचाच फोन आला. त्यांना 30 तारखेपासून लग्नाच्या ऑर्डरी पॅक करायच्या आहेत. मी हे पत्र लिहिलंय:

“मा. महोदय, संक्रांतीच्या सुट्ट्या, कामगारांची कमतरता व कच्च्या मालाच्या तुटवड्यामुळे आपल्या ऑर्डरच्या कामास थोडा विलंब झाला आहे. काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. काम युद्धपातळीवर सुरू असून लवकरात लवकर माल पोहोचवण्याचा प्रयत्न करू. आपण समजून घ्याल ही अपेक्षा.”

काका म्हणतात, ठीक आहे, चूक कबूल केली तर बिल कापतील. मला ते पटत नाही. सोमवारी सकाळी पाठवायचं आहे. कसं लिहू?

— एक वाचक, नागपूर

उत्तर

नमस्कार. तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे, आणि पत्र अजून गेलेलं नाही हे फार चांगलं झालं.

आधी एक गोष्ट ठरवा: माफी नेमकी कशाची मागायची? तुम्हाला वाटतंय बोर्ड मागवला नाही ही चूक. ती आहेच. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर मोठी चूक दुसरीच आहे. 10 तारखेला तुम्हाला कळलं होतं की 16 गाठता येणार नाही, आणि तुम्ही गप्प राहिलात. बोर्ड संपणं कोणत्याही प्रेसमध्ये होऊ शकतं, हे धंद्यातल्या माणसाला माहीत असतं. पण मधले जे दिवस त्यांच्या हातात राहिले असते ते तुमच्या गप्प राहण्याने गेले. त्या दिवसांत त्यांना दुसरीकडून साधे बॉक्स घेता आले असते, पॅकिंगच्या बायकांना कधी बोलवायचं ते ठरवता आलं असतं, लग्नघरच्या लोकांना आधी सांगता आलं असतं. म्हणून पत्रात दोन्ही चुका आल्या पाहिजेत, आणि दुसरी तर नक्कीच. ती वगळली तर बाकीचं पत्र कितीही चांगलं असलं तरी वाचणाऱ्याच्या मनात ‘मग सांगितलं का नाही?’ हा प्रश्न तसाच राहील.

आता तुमचा मसुदा. ‘विलंब झाला आहे’ या वाक्यात विलंब करणारा कोणीच नाही. सुट्ट्या आहेत, कामगार आहेत, कच्चा माल आहे, फक्त तुम्ही नाही. एका चुकीला तीन कारणं दिली की वाचणारा तिन्ही तपासायला लागतो. संक्रांत 14 तारखेला येणार हे ऑर्डर घेतानाही ठाऊक होतं, असं त्यांच्या मनात लगेच येईल. कारण एकच द्या, खरं द्या, आणि एका वाक्यात संपवा. कारण लांबलं की ते सबबीसारखं वाटायला लागतं.

‘काही गैरसोय झाली असल्यास’ हे शब्द मात्र आजच खोडा. बॉक्स आले नाहीत, त्यांना शनिवारी स्वतः फोन करावा लागला, आणि तुम्ही विचारताय की गैरसोय झाली का. मराठी कार्यालयीन पत्रांत हे वाक्य इतकं रुळलंय की लिहिताना बोचत नाही, वाचताना मात्र बोचतं. ‘थोडा विलंब’मधला ‘थोडा’ही काढा. पंधरा दिवस थोडे की जास्त हे ज्याचा माल अडकलाय त्याने ठरवायचं. ‘समजून घ्याल ही अपेक्षा’ हेसुद्धा नको. त्यात तुम्ही त्यांच्यावर एक काम टाकताय, आणि आज कामं तुमच्या अंगावर आहेत.

आणि ‘युद्धपातळीवर सुरू’ हे तर खरंच नाही. बोर्डच आलेला नाही तर सुरू काय आहे? उद्या ते हिंगण्याहून महालात डोकावले आणि मशीन थंड दिसली, तर पत्रातल्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जाईल. छपाई सुरू झालेली नाही असं सरळ लिहा. ते लिहायला जड जातं, पण पुढे तुम्ही जी तारीख देणार आहात तिला वजन त्या वाक्यामुळेच येतं.

आता तारीख. पत्राचा सगळ्यात कठीण भाग हाच आहे, आणि तो लिहायच्या आधी कागदावर मांडावा लागतो. ‘लवकरात लवकर’ लिहिलं जातं ते बहुतेक वेळा हा हिशेब केलेला नसतो म्हणून. तर करूया.

बोर्ड बुधवारी 21 ला आला असं धरा. एका शीटवर चार बॉक्स बसत असतील तर 10,000 बॉक्सना 2,500 शीट आणि वर थोडी वाया जाणारी. एवढी छपाई गुरुवारी 22 ला दिवसभरात आरामात उरकते. वेळ खाते ती छपाईच्या पुढची वाट. नेहमीची ऑफसेटची शाई हवेशी संयोग होऊन हळूहळू वाळते, आणि जानेवारीतल्या नागपूरच्या थंडीत ती आणखी सावकाश वाळते. म्हणून शुक्रवार 23 पूर्ण वाळण्यासाठी सोडा. घाईत त्याच दिवशी लॅमिनेशनला, म्हणजे वर प्लास्टिकची पातळ फिल्म चढवायला, पाठवलंत तर फिल्म नीट धरत नाही, गडद भागावर चंदेरी ठिपके दिसतात, आणि पंचिंगमध्ये बॉक्सचा आकार कापल्यानंतर नेमकी दुमडीवर फिल्म सुटते. मग माफीचं दुसरं पत्र लिहावं लागेल, आणि ते पहिल्यापेक्षा फार अवघड असतं. शाई वाळली का ते बघायला संत्र्याच्या गडद नारिंगी भागावर पांढरं सुती फडकं जोरात घासा. फडक्याला रंग आला तर आणखी थांबा.

शनिवारी 24 ला लॅमिनेशन. तुम्ही ते बाहेरून करून घेत असाल तर त्यांच्याकडे शनिवारची जागा सोमवारी सकाळीच पक्की करा, पत्र पाठवायच्या आधी. रविवार 25 आणि सोमवार 26 जानेवारी, दोन्ही दिवस बंद. हे दोन दिवस हिशेबात विसरणं फार सोपं आहे. मग मंगळवारी 27 ला डाय पंचिंग, बुधवारपासून पेस्टिंग. दिवसाला 4,000 बॉक्स चिकटत असतील तर बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारची दुपार. सगळं जमलं तर शुक्रवारी 30 ला 10,000 बॉक्स तयार.

आता इथे थांबा. 30 ही ‘सगळं जमलं तर’ची तारीख आहे. ती पत्रात लिहायची नाही. या साखळीतली एक कडी तुमच्या हातात नाही, ती म्हणजे मुंबईहून येणारी गाडी. समृद्धी झाल्यापासून लोक धरून चालतात की मुंबईचा माल रातोरात नागपुरात. रस्ता झाला खरा, पण माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाडी भरायची वाट बघत पडून असतो, आणि उतरल्यावर तुमच्या दारापर्यंत यायला पुन्हा वेळ जातो. म्हणून गाडी एक दिवस उशिरा आली तर काय होईल ते मांडून बघा. बोर्ड गुरुवारी 22 ला, छपाई शुक्रवारी 23 ला, शाई वाळायला शनिवार, रविवार आणि 26 ची सुट्टी. लॅमिनेशन मंगळवारी 27 ला, पंचिंग बुधवारी, पेस्टिंग गुरुवारी सुरू होऊन शनिवारी 31 ला संपतं. म्हणजे एक दिवस घसरला तरी 31 गाठता येते. पत्रात लिहायची तारीख 31.

काका कदाचित म्हणतील, 28 सांगून टाक, गिऱ्हाईक शांत होईल, पुढचं पुढे बघू. कृपा करून असं करू नका. पहिली तारीख चुकली की माणूस चिडतो. दुसरी चुकली की दुसरी प्रेस शोधतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

पण 31 तारीख त्यांच्या उपयोगाची आहे का? त्यांना 30 पासून पॅकिंग करायचंय. म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा करून बघा: त्यांना पहिल्या दिवशी 10,000 बॉक्स लागणारच नाहीत, सुरुवातीपुरते लागतील. गाडी उशिरा आली तरी गुरुवारी 29 च्या संध्याकाळपर्यंत पेस्टिंगचे पहिले 3,000 निघतात, ओढून ताणून 4,000. ते आधी द्या. त्यांचं पॅकिंग ठरल्या दिवशी सुरू होईल. उशीर झालेल्या कामात मालाचे दोन भाग करता येतात का, हे मी नेहमी आधी बघायला सांगते, कारण बऱ्याचदा गिऱ्हाइकाला ठरल्या तारखेला सगळा माल नको असतो, काम सुरू करण्याइतका हवा असतो.

हे सगळं धरून मी पत्र असं लिहीन:

> विषय: 10,000 बॉक्सची ऑर्डर: 3,000 बॉक्स गुरुवारी 29 जानेवारीला, 7,000 शनिवारी 31 जानेवारीला
>
> नमस्कार साहेब,
>
> तुमचे 10,000 बॉक्स 16 जानेवारीला द्यायचं आम्ही कबूल केलं होतं. ते दिले नाहीत, ही आमची चूक आहे. गोदामातला बोर्ड प्रत्यक्ष न बघता आम्ही रजिस्टरवर विसंबलो आणि नवा बोर्ड वेळेत मागवला नाही. हे आम्हाला 10 तारखेला कळलं होतं. त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. तुम्हालाच फोन करावा लागला. दोन्हीबद्दल माफी मागते.
>
> आजची स्थिती: प्लेट आणि डाय तयार आहेत. बोर्ड मुंबईहून निघाला आहे. छपाई अजून सुरू झालेली नाही.
>
> पहिले 3,000 बॉक्स गुरुवारी 29 जानेवारीला सायंकाळी 6 पर्यंत आणि उरलेले 7,000 शनिवारी 31 जानेवारीला सायंकाळी 6 पर्यंत तुमच्या हिंगण्याच्या युनिटवर पोहोचवू. दोन्ही खेपांचं भाडं आमच्याकडे. पहिल्या दिवशी जास्त लागणार असतील तर सांगा, 4,000 पर्यंत देता येतील.
>
> बोर्ड आला की नाही ते बुधवारी 21 ला संध्याकाळी कळवते. छपाई झाली की छापील शीटचा फोटो पाठवते.
>
> या तारखा चालतील का, ते कृपया उत्तरात लिहा. चालणार नसतील तर सांगा, काही बॉक्स दुसरीकडून घ्यायचे असल्यास तुमच्या डिझाइनची फाइल आजच पाठवते.

तुमचा फोन नंबर खाली, बस्स. प्लेट किंवा डाय खरोखर तयार नसेल तर ती ओळ बदला, आणि बोर्ड अजून निघाला नसेल तर ‘निघाला आहे’ लिहू नका. आधी ट्रान्सपोर्टकडून बिल्टी नंबर घ्या. नंबर हातात आला की मगच तो निघाला.

विषयाच्या ओळीतच तारखा घातल्या आहेत ते मुद्दाम. साहेब मेल स्वतः वाचतीलच असं नाही. पॅकिंग बघणाऱ्या माणसाला ते फॉरवर्ड करतील, आणि त्याला माफीशी काही देणंघेणं नाही, त्याला दिवस आणि आकडा हवा आहे. वार आणि तारीख दोन्ही लिहा. नुसतं ‘पुढच्या शनिवारी’ म्हटलं की एकाला 24 वाटते आणि दुसऱ्याला 31.

पत्रात ‘आम्ही’ आणि ‘मी’ दोन्ही आहेत, तेही समजून घ्या. ऑर्डर प्रेसने घेतली, म्हणून चूक ‘आमची’. पण माफी मागणारी आणि बुधवारी कळवणारी व्यक्ती एक असते, म्हणून तिथे ‘मी’. ‘माझ्या हातून’ असं लिहून सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नका, आणि रजिस्टर दुसरं कोणी लिहीत असेल तर त्याचा उल्लेखही नको. गिऱ्हाइकाचा व्यवहार प्रेसशी आहे. आत कोणाचं काय चुकलं ते आत बोला.

काकांच्या भीतीबद्दल. ती निराधार नाही, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. पत्र पाठवण्याआधी त्यांची परचेस ऑर्डर काढा आणि उशिराबद्दल दंडाचं कलम आहे का ते वाचा. काही कंपन्यांच्या ऑर्डरीत दर आठवड्याला ठरावीक टक्के कापण्याची अट छापलेलीच असते. अट असेल तर ती माल उशिरा पोहोचल्यामुळे लागू होते. तुम्ही पत्रात संक्रांतीचं नाव घेतलंत म्हणून ती टळत नाही, आणि बोर्डचं खरं कारण सांगितलंत म्हणून वाढत नाही. उशीर झालाय हे 16 तारखेलाच दोघांनाही कळलेलं आहे. अट मोठ्या रकमेची असेल किंवा गिऱ्हाइकाने नुकसानीची भाषा सुरू केली असेल, तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय काहीही लिहून देऊ नका. तिथे माझा सल्ला पुरणार नाही.

नव्या तारखेला लेखी होकार मागितलाय त्याचाही इथे संबंध येतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 55 नुसार, जिथे वेळ हा कराराचा गाभा असतो तिथे ठरलेली वेळ चुकली तर समोरचा करार रद्द करू शकतो. पण त्याने रद्द न करता दुसऱ्या वेळी काम स्वीकारलं, आणि स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर त्या उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. म्हणून काकांना सांगा, स्पष्ट तारीख देऊन लेखी उत्तर घेणं हे ‘लवकरात लवकर’पेक्षा प्रेसच्याही हिताचं आहे. मात्र हे गिऱ्हाइकाला अडकवायचं साधन म्हणून वापरू नका. त्यांना तारीख चालत नसेल तर ‘नाही’ म्हणायची मोकळी जागा पत्रात ठेवली आहे, ती ठेवाच. डिझाइनची फाइल द्यायची तयारी काकांना खटकेल. त्यांच्याशी आधी बोला, पण त्या ओळीसाठी थोडा हट्ट धरा. त्या एका ओळीवरून गिऱ्हाइकाला कळतं की तुम्हाला फक्त ऑर्डर वाचवायची नाही, त्यांचं 30 तारखेचं काम वाचवायचं आहे.

सवलत पत्रात लिहू नका. काकांनी मनात काही टक्के धरले असले तरी ते माल पोहोचल्यावर समोर बसून बोला. माफीत पैशाचा आकडा आला की पुढची सगळी बोलणी त्या आकड्याची होतात. भाडं आपल्याकडे घेतलंय ते वेगळं: दोन खेपा आपल्यामुळे कराव्या लागतायत, त्यांचा खर्च गिऱ्हाइकाने का द्यावा?

पाठवण्याआधी एकदा फोन करा. सोमवारी सकाळी, प्रेस उघडल्या उघडल्या. फोनवर पहिली तीन वाक्यं पुरेत: दिले नाहीत, चूक आमची, 29 आणि 31 ला देतो. मग ‘हे सगळं आत्ता लेखी पाठवते’ म्हणा आणि पाठवा. ते रागावले तर ऐकून घ्या. मध्येच ‘पण साहेब, बोर्डच मिळत नव्हता’ असं निघू देऊ नका. कारण पत्रात एकदा लिहिलंय, तेवढं बास. उत्तरात त्यांनी ‘मग नक्की कधी?’ असं विचारलं तर समजा की तारखा कुठेतरी दबल्या, आणि त्या दोनच ओळी पुन्हा वेगळ्या पाठवा.

बुधवारी संध्याकाळी गाडी आली नाही तरी ठरल्याप्रमाणे कळवायचंच आहे. तेव्हा एवढंच लिहा: “बोर्ड आज आला नाही, उद्या येतोय असं ट्रान्सपोर्टने सांगितलंय. 29 आणि 31 या तारखांत बदल नाही.” एक दिवसाची सोय आपण हिशेबात ठेवली आहे, त्यामुळे हे वाक्य तुम्ही खरं लिहू शकाल. गुरुवारीही आला नाही तर मात्र हिशेब मोडतो. तेव्हा शुक्रवारची वाट न बघता गुरुवारीच फोन करा, नवी मांडणी हातात घेऊन, आणि 29 चे 3,000 बॉक्स साध्या, न छापलेल्या पांढऱ्या बॉक्सवर तुम्ही छापलेलं लेबल लावून देता येतील का ते विचारा. लेबलचा कागद नागपुरात सहज मिळतो. तो मिळेल का हे डीलरला सोमवारीच विचारून ठेवा.